बँडचं रायडरचं पत्र : "5 मॉनिटर" लिहिलं आणि फसलो

पाचवी_तार

मंडळी, आमचा पाच जणांचा बँड आहे. ड्रम, बेस, दोन गिटार आणि कीबोर्ड. मी गिटार वाजवतो आणि गातो, कीबोर्डवाली मागून साथीला गाते. इतके दिवस हॉलच्या मॅनेजरला काय हवं नको ते फोनवरच सांगायचो. गेल्या कार्यक्रमाला पहिल्यांदा रीतसर टेक्निकल रायडर पाठवला. त्यातल्या कामाच्या ओळी एवढ्याच :

स्टेज : 6 मीटर × 4 मीटर, ड्रमला रायझर.
मॉनिटर : 5.
पॉवर : 4 पॉइंट, स्टेजच्या डावीकडे.

पोचलो तर पाच वेज, म्हणजे आमचा आवाज आम्हालाच ऐकवणाऱ्या पायाशी ठेवायच्या पेट्या, मांडून तयार, चकाचक. पण पाचहीमधून एकच मिक्स येत होतं! ड्रमरला बेस हवा होता, त्याला माझा आवाज मिळत होता. मला माझा आवाज हवा म्हणून वाढवायला सांगितला, तर तो पाचही पेट्यांतून वाढला आणि शिट्टी सुरू झाली. पॉवरचे चार पॉइंट म्हणजे एका एक्सटेन्शन बोर्डावरची चार भोकं, तेही चुकीच्या बाजूला. दुसऱ्या गाण्यात कीबोर्ड बंद पडून पुन्हा सुरू झाला. बेस अॅम्पमधून रात्रभर खरखर.

मॅनेजर शांतपणे म्हणाला, "तुम्ही लिहिलं तेच दिलंय." पत्र पुन्हा वाचलं आणि गप्प बसलो.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या हॉलवर कार्यक्रम आहे. नेमकं काय नि कसं लिहू?

---

निवांत_निळू

विम्याच्या पॉलिसीतल्या रायडरबद्दल असेल म्हणून धागा उघडला. माझा गंभीर आजाराचा रायडर नूतनीकरणात वगळलाय, कोणाला अनुभव?

---

खट्याळ_खर्ज

निळूभाऊ, इथेही गंभीर आजारच आहे, फक्त अॅम्पला.

बाकी रुमाल टाकून ठेवतो.

---

फेडरकाका

पाचवी_तार, तुमच्या तिन्ही ओळींत एकच दुखणं आहे. वस्तू मोजल्यात, काम सांगितलेलं नाही. आधी मॉनिटरचं घेऊ.

"5 मॉनिटर" म्हणजे साऊंडवाल्याच्या कानाला पाच पेट्या. तुम्हाला हवे होते पाच मिक्स, म्हणजे प्रत्येकाला वेगळं ऐकू येणं. पेट्या गोदामातून कितीही आणता येतात. मिक्स मात्र डेस्कवर जितके ऑक्स, म्हणजे वेगळं मिक्स बाहेर पाठवायच्या वाटा, मोकळ्या असतील तितकेच. जुन्या अॅनालॉग डेस्कवर सहा ऑक्स दिसतात, पण बऱ्याचदा त्यातले चारच प्री-फेडर, म्हणजे हॉलच्या फेडरपासून स्वतंत्र, करता येतात. उरलेले दोन पोस्ट-फेडर, ते रिव्हर्ब आणि डिलेला जातात.

ते दोन मॉनिटरला दिले तर काय होतं? पोस्ट-फेडर ऑक्स हॉलच्या फेडरमागे फरफटत जातो. गाण्यात जोर आला म्हणून साऊंडवाल्याने हॉलसाठी तुमचा आवाज वर केला की तुमच्या पायाशी असलेल्या वेजमध्येही तो तितकाच वर जातो. साऊंड चेकला सगळं गोड वाटतं आणि कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला शिट्टी. साऊंड चेकला शांत असलेला वेज नंतर ओरडायला लागला तर पहिला संशय इथे घ्यायचा.

म्हणून पत्रात लिहा : "पाच स्वतंत्र मॉनिटर मिक्स, सर्व प्री-फेडर." आणि लगेच खाली, कमी असतील तर काय चालेल तेही लिहा. ही खालची ओळ नसली तर निर्णय समोरचा घेणार, आणि तो सगळ्यात सोपा निर्णय घेणार. तुमच्याकडे घेतला तसा.

---

पाचवी_तार

काका, चारच मिळाले तर कोणाला एकत्र करायचं? आमच्यात यावरून युद्ध होईल.

---

फेडरकाका

युद्ध आत्ता घरी करा, स्टेजवर नको. 😀

कोणाला काय ऐकायचंय यावर ठरतं. दोन्ही गिटारवाल्यांच्या मागे त्यांचे स्वतःचे अॅम्प असतील तर त्यांना वेजमधून गिटार लागत नाही. पण तुम्ही गाता, म्हणून तुमचं मिक्स राखून ठेवायचं. न गाणारा गिटारवाला आणि बेसवाला एका मिक्सवर चालून जातात, दोघांनाही किक आणि गाणं एवढंच लागतं. ड्रमरला वेगळं द्यावंच लागतं कारण तो सगळ्यांत मोठ्या आवाजात बसलेला असतो. कीबोर्डवालीला स्वतःचं वाद्य दुसरीकडून कुठूनच ऐकू येत नाही, म्हणून तिचंही वेगळं. झाले चार.

दोनच मिळाले तर पुढची रांग एक आणि ड्रम एक. त्याहून कमी असेल तर आदल्या दिवशी फोनवर बोलून घ्या.

---

धडाम_धिन

मी ड्रम वाजवतो. ड्रमरला इन-इअर द्या, प्रश्न मिटला. आम्ही सगळेच इन-इअरवर गेलोय, पत्रात मॉनिटरची ओळच नसते.

---

फेडरकाका

अर्धं बरोबर, धडाम. वेजची ओळ जाते, मिक्सची जात नाही. तुमच्या कानात जाणारं मिक्स कुठून तरी तयार व्हायलाच हवं. हॉलच्या डेस्कवरून घेत असाल तर ऑक्स तितकेच खर्ची पडतात, स्टिरिओ घेतलंत तर दुप्पट. स्वतःचा रॅक नेत असाल तर माईकचे सिग्नल दोन डेस्कला वाटायला स्प्लिटर लागतो. तो कोण आणणार हे पत्रात नसलं की दुपारी दोन वाजता दोन्ही बाजू एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

---

धडाम_धिन

स्प्लिटर आम्ही नेतो. पण हो, एकदा विसरलो होतो तेव्हा हेच झालं होतं. असो.

---

विंगेतून

मी एका नाट्यगृहात व्यवस्थापन बघतो, म्हणजे ही पत्रं ज्याला येतात तो मनुष्य. टेबलाच्या या बाजूचं सांगतो.

पत्र माझ्या नावाने येतं, पण मी वाचून करणार काय? मी ते तीन ठिकाणी पाठवतो. स्टेजचा भाग मांडणी करणाऱ्या मुलांना, मॉनिटरचा साऊंडवाल्याला, पॉवरचा आमच्या इलेक्ट्रिशियनला. तीन पानं सलग लिहिलेली असली की प्रत्येक जण आपली ओळ शोधत बसतो, आणि एखाद्याला ती सापडत नाही. पॉवरचा मजकूर एका जागी, एकसलग द्या. मला त्याचा मोबाइलवर फोटो काढून पाठवता आला पाहिजे.

दुसरं, खाली तारीख लिहा. एका बँडच्या रायडरची तीन वेगवेगळी रूपं माझ्याकडे आहेत, एकात कीबोर्डवाला आहे, एकात नाही. कोणतं खरं हे विचारलं तर त्यांनी चौथं पाठवलं.

आणि तिसरं. "अनिवार्य", "अन्यथा कार्यक्रम होणार नाही" ही भाषा करारात ठीक आहे. पत्रात प्रत्येक ओळीला लावली की खरोखर अनिवार्य काय ते मला कळत नाही. ज्यावाचून अडेल अशा दोन गोष्टी असतील तर त्याच दोन ठळक करा.

---

खट्याळ_खर्ज

चौथं पाठवलं 😂😂

---

कडकनाथ

मॅनेजर लोक काही वाचत नाहीत हो. म्हणूनच व्हॅन हेलनने रायडरमध्ये तपकिरी एम अँड एम नकोत असं घातलं होतं. नखरे नुसते, पण चालले त्यांचे.

---

विंगेतून

हा किस्सा आल्याशिवाय रायडरचा धागा संपत नाही. आणि ते नखरे नव्हते. डेव्हिड ली रॉथने नंतर खुलासा केलाय : वाडग्यात तपकिरी गोळी दिसली की समजायचं, समोरच्याने पत्र नीट वाचलेलं नाही, मग वजन आणि विजेची प्रत्येक गोष्ट पुन्हा तपासायची. त्यांचं सामान ट्रकच्या ट्रक भरून यायचं, त्यांना ते शोभलं. पाच जणांच्या बँडने माझ्यावर असला सापळा लावला तर मला रागच येईल. त्यापेक्षा पत्राच्या शेवटी साधे दोन प्रश्न विचारा. उत्तर आलं म्हणजे वाचलं.

---

मीटरमामा

पॉवरवर कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

"4 पॉइंट" यात सगळं आहे आणि काहीच नाही. आधी भार मोजा. तुमचा ट्यूब गिटार अॅम्प 50 वॅटचा असला तरी भिंतीतून साधारण दीडशे-दोनशे वॅट ओढतो, कारण ट्यूबच्या हीटरला वीज लागते. असे दोन धरा, चारशे. बेस अॅम्पचे जास्तीत जास्त सहाशे. कीबोर्ड, पेडलबोर्ड, लॅपटॉप सगळे मिळून दीडशे. झाले साडेअकराशे वॅट. 230 व्होल्टला भागा, पाच अँपिअर येतात. म्हणजे 16 अँपिअरची एक लाइन तुमच्या वाद्यांना पुरून उरते. तुमचं दुखणं वीज कमी पडण्याचं नव्हतंच.

दुखणं हे की त्या लाइनवर आणखी कोण बसलंय. तुमचा कीबोर्ड दुसऱ्या गाण्यात बंद पडला. तेव्हा धुराचं मशीन लावलं होतं का? त्याचा हीटर थोड्या थोड्या वेळाने आपोआप सुरू-बंद होतो, आणि एकदम हजार-दीड हजार वॅट ओढतो. मध्ये लांब, बारीक तारेचं एक्सटेन्शन असलं की त्या क्षणी टोकाचा व्होल्टेज खाली बसतो. अॅम्पला कळतही नाही, कीबोर्ड मात्र रीसेट होतो.

आणि खरखर. ती दिव्यांबरोबर बदलत होती का? दिवे पूर्ण असताना कमी, निम्म्यावर आणले की जास्त, पूर्ण बंद केले की गायब, असं असेल तर तो डिमर. डिमर विजेची लाट अर्ध्यात कापतो, निम्म्यावर तो सर्वांत वाईट कापतो. दिव्यांचं काही देणंघेणं नसलेली, सतत एका सुरातली घूं असेल तर ती अर्थिंगची, वेगळा रोग.

म्हणून पत्रात "4 पॉइंट" नको. "वाद्यांसाठी 16 अँपिअरची एक वेगळी लाइन, जिच्यावर दिवे, डिमर, धुराचं मशीन, पंखे यातलं काहीही नसेल. वाद्यांची लाइन आणि साऊंड सिस्टिम यांचं अर्थिंग एकाच ठिकाणाहून." एवढं लिहा.

---

पाचवी_तार

मामा, धुराचं मशीन होतं! कीबोर्डच्या मागेच ठेवलं होतं. आणि खरखर दिव्यांबरोबर बदलत होती, प्रेमगीताला जास्त यायची. आम्ही म्हणत होतो हे गाणंच पनवती आहे.

---

खट्याळ_खर्ज

प्रेमगीताला दिवे निम्म्यावर. गाण्याचा बिचाऱ्याचा काय दोष.

---

जुगाडू_जग्गू

एवढं पत्रबित्र कशाला. घूं आवाज आला की अॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायची. दहा वर्षं करतोय, आवाज साफ.

---

मीटरमामा

जग्गू, हे कृपा करून करू नका आणि इथे सांगूही नका. आवाज जातो हे खरं, कारण अर्थिंगच्या दोन वाटांचा फेरा तुटतो. पण अॅम्पच्या आत काही सुटलं तर त्याची बॉडी जिवंत होते, बॉडीला गिटारच्या तारा जोडलेल्या, आणि तारांवर तुमचा हात. ओठ माईकला लागले की वाट पूर्ण. 1972 साली स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या माईकला हात लावून गेला. दहा वर्षं काही झालं नाही याचा अर्थ दहा वर्षं आत काही सुटलं नाही, इतकाच.

फेरा तोडायचाच तर डीआय बॉक्सवर, म्हणजे वाद्याचा सिग्नल डेस्कला जोडणाऱ्या डबीवर, ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. ते सिग्नलच्या तारेतली जोडणी तोडतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही.

---

जुगाडू_जग्गू

बटण माहीत नव्हतं असं नाही. बऱ्याच ठिकाणी डीआयच नसतो मामा.

---

फेडरकाका

मग तो पत्रात मागायचा. बेसला एक, कीबोर्डला दोन, ग्राउंड लिफ्टसह. झालं.

---

सूरपेटी

पण आता सगळीकडे एलईडी दिवे आलेत, त्यांना डिमर कुठे लागतो? ही अट आता जुनी झाली असं मला वाटतं. उगाच पत्र लांबतं.

---

मीटरमामा

एलईडी आतल्या आत मंद होतात, बरोबर. पण बऱ्याच सभागृहांत प्रेक्षकांवरचे दिवे अजून डिमरवर असतात. शिवाय स्वस्त एलईडीचे पॉवर सप्लायही घाण सोडतात. मी अट ठेवेन.

---

सूरपेटी

तुमचा अनुभव जास्त, पण आमच्याकडे दोन वर्षांत एकदाही त्रास झालेला नाही, सगळं एकाच लाइनवर असून.

---

विंगेतून

सूरपेटींचं पूर्ण चूक नाही. आमच्या लहान हॉलमध्ये स्टेजवर दोनच सर्किट आहेत, तिथे "दिव्यांपासून वेगळी" जमतं, "सगळ्यांपासून वेगळी" जमत नाही. इलेक्ट्रिशियन मग काहीच न बोलता देता येईल ते देतो.

मामा, एक विचारतो. बँडवाले आल्यावर मीटर लावून बघतात ते नेमकं काय बघतात? मला कायम वाटतं माझी परीक्षा चाललीय.

---

मीटरमामा

तुमची नाही हो, सॉकेटची. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तितकाच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये भार चालू असताना एखाद-दोन व्होल्ट. तिथे तीस-चाळीस दिसले तर अर्थिंग नावालाच आहे, तिथे मी वाद्य लावत नाही.

गंमत म्हणजे भार असूनही अगदी शून्य आला तरी मी बोर्ड उघडून बघायला सांगतो. कोणीतरी मागे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र पिळलेले असू शकतात. मीटरला सगळं छान दिसतं, आणि ज्या दिवशी मागे न्यूट्रल सुटतो त्या दिवशी अॅम्पची बॉडी फेजवर जाऊ शकते. अर्थात बोर्ड मुख्य पॅनेलच्या अगदी जवळ असेल तरी आकडा शून्याच्या जवळ येतो, म्हणून "बघा" म्हणतो, "चूक आहे" म्हणत नाही. आणि बघायचं हॉलच्या इलेक्ट्रिशियनने, लाइन बंद करून. बँडने स्क्रूड्रायव्हर काढायचा नाही.

---

निवांत_निळू

विमा राहू दे, हे भारी चाललंय. एक भाबडा प्रश्न : मूळ पोस्टमध्ये पॉइंट डावीकडे मागितले होते, मग ते चुकीच्या बाजूला कसे गेले?

---

पाचवी_तार

मी प्रेक्षकांतून बघून डावीकडे लिहिलं. त्यांनी स्टेजवर उभं राहून डावीकडे दिले.

---

फेडरकाका

त्यांचंच बरोबर. स्टेजची डावी-उजवी कायम कलाकाराची. तरी भरवसा नको, पत्रात "प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिल्यावर डावीकडे" असं पूर्ण लिहा आणि सोबत नकाशा जोडा. हाताने काढलेला चालेल. त्यावर पाच माणसं, पाच वेज क्रमांकासह, आणि वीज हवी तिथे चौकोन. प्रेक्षक कुठे ते कागदाच्या खालच्या कडेला लिहायचं.

माईकचं मॉडेलही लिहा. एसएम 58 पाठीमागून सर्वांत बहिरा असतो, त्याचा वेज नेमका समोर. बीटा 58 पाठीमागून थोडं ऐकतो, त्याला वेज जरा तिरका, बाजूला सरकवून. मांडणारी मुलं सवयीने समोरच ठेवतात.

---

पाचवी_तार

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून नवीन पत्र लिहिलं. चिरफाड करा :

"नमस्कार. कार्यक्रमासाठी आमच्या गरजा खाली देत आहे. तीन भाग वेगळे ठेवले आहेत, म्हणजे ज्याचे त्याला देता येतील. डावे-उजवे सर्वत्र प्रेक्षकांकडे तोंड करून आहे. सोबत नकाशा आणि इनपुट लिस्ट.

स्टेज. मोकळी जागा 6 मीटर रुंद, 4 मीटर खोल. मागे मध्यभागी ड्रमसाठी 2 × 2 मीटरचा रायझर, न हलणारा. रायझर नसल्यास ड्रम जमिनीवर घेऊ, फक्त घसरू नये म्हणून खाली सतरंजी लागेल.

मॉनिटर. पाच स्वतंत्र मिक्स, सर्व प्री-फेडर, पाच वेज. चारच मिक्स असल्यास बेस आणि दुसरी गिटार एकत्र. दोनच असल्यास पुढची रांग एक, ड्रम एक. गायकाचा माईक (बीटा 58) आम्ही आणतो, त्याचा वेज जरा बाजूला लागेल. ग्राउंड लिफ्ट असलेले तीन डीआय बॉक्स हवेत.

पॉवर. वाद्यांसाठी 16 अँपिअरची एक लाइन, दिवे, डिमर आणि धुराच्या मशीनपासून वेगळी. अर्थिंग साऊंड सिस्टिमशी समान. आमचा एकूण भार सुमारे 1150 वॅट. बोर्ड तीन ठिकाणी : रायझरच्या डावीकडे, रायझरच्या उजवीकडे, आणि पुढे डावीकडे कीबोर्डपाशी. वाद्ये लावण्यापूर्वी आम्ही सॉकेट मीटरने तपासतो.

दोन गोष्टी कळवाव्यात ही विनंती : मॉनिटरसाठी डेस्कवर किती प्री-फेडर ऑक्स मोकळे आहेत? आणि वाद्यांच्या लाइनवर आणखी काय जोडलेलं असतं?"

खाली तारीख आणि आमच्यातल्या एकीचा फोन नंबर, ती दिवसभर फोन उचलते.

---

विंगेतून

हे मला आलं असतं तर मी त्याच दिवशी उत्तर दिलं असतं. एकच बदल सुचवतो : सॉकेट तपासायला वेळ लागतो, तेव्हा किती वाजता पोचणार ते घाला. इलेक्ट्रिशियन दुपारी घरी जातो.

---

मीटरमामा

एक्सटेन्शन रीळवालं असेल तर पूर्ण उलगडून वापरावं, हेही घाला. गुंडाळलेली तार भाराखाली तापते. बाकी उत्तम.

---

धडाम_धिन

"न हलणारा" हे वाचून डोळे पाणावले. चाकांचा ब्रेक न लावलेल्या रायझरवर मी एक अख्खं गाणं पुढे सरकत गेलोय.

---

पाचवी_तार

अपडेट. दोन्ही बदल करून पाठवलं. आज मॅनेजरचं उत्तर आलं. सहा ऑक्स आहेत, मॉनिटरला चार मोकळे, म्हणजे आमचं चारवालं लागू. वाद्यांची लाइन वेगळी मिळेल, पण त्यावर पडद्याची मोटर आहे. ती फक्त सुरुवातीला आणि शेवटी चालते.

मामा, पडद्याची मोटर चालेल का?

---

मीटरमामा

पडदा उघडेपर्यंत कीबोर्ड बंद ठेवा. आणि शेवटच्या सुरावर पडदा पाडायचा असेल तर तो सूर गिटारने धरा.